आधारचे आकडे: झाकायचे कुठे, उतरवायचे कुठे

बँकेच्या शाखेत अनुदानाच्या खात्यांचे जुने कागदी अर्ज संगणकावर चढवायचे निघाले की पहिला वाद आधार क्रमांकावरून होतो. एक गट म्हणतो, पहिल्या आठ आकड्यांवर फुल्या मारा, शेवटचे चार ठेवा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, कागदावर जे आहे ते जसेच्या तसे उतरवा. क्रमांक कळून कोणाचे काय बिघडणार? दोघेही एक गोष्ट धरून चालले आहेत, की नोंद एकच असते आणि तीच सगळ्यांना दाखवायची असते. घोळ तिथेच आहे.

‘काय बिघडते’ याचे उत्तर २०१८ साली तेलंगणात मिळाले. तिथे जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांच्या प्रती सरकारी संकेतस्थळावर होत्या. दस्तावर आधार क्रमांकही होता आणि अंगठ्याचा ठसाही, दोन्ही अगदी मूळ कागदाबरहुकूम. एका सिमकार्ड विक्रेत्याने ते दस्त उतरवून घेतले, ठशांचे रबरी साचे बनवले आणि परक्यांच्या आधारवर सिमकार्डे चालू केली. क्रमांक एकटा असता तर हे जमले नसते, हे खरे. पण अस्सलबरहुकूम प्रतीत क्रमांक एकटा नसतोच; ठसा, सही, पत्ता, जन्मतारीख सगळे एकाच पानावर असते. २०१६ च्या आधार कायद्याने क्रमांक जाहीर प्रसिद्ध करायला मनाई केली आहे, ती उगाच नाही. तरी सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या नावांसोबत आधार क्रमांक झळकल्याचे २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानेच सांगितले. त्या याद्या चढवणाऱ्यांनी काम चोख केले होते, नको तितके चोख.

म्हणून सगळीकडे फुल्या माराव्यात का? अजिबात नाही.

आधारच्या बारा आकड्यांपैकी शेवटचा हा पडताळणीचा अंक असतो. तो आधीच्या अकरा आकड्यांवरून व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाच्या रीतीने काढलेला असतो. उतरवताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ही रीत चूक हमखास पकडते. हस्ताक्षरातला १ कुठला आणि ७ कुठला, ४७ की ७४, अशा चुका अर्ज भरणाऱ्याच्या हातूनही होतात आणि कारकुनाच्याही. बारा आकडे हाताशी असतील तर संगणक तिथेच अडवतो. आठांवर फुल्या असतील तर काहीच कळत नाही आणि अनुदानाचे खाते भलत्याच्या आधारशी जोडले जाऊ शकते. पडताळणीत क्रमांक बसला नाही म्हणून अंदाजाने आकडा ‘दुरुस्त’ करणे तर त्याहून वाईट. कागद परत धाडावा, माणसाला विचारावे.

फुल्या मारणाऱ्यांची शिस्तही बहुतेकदा कच्ची असते. प्राधिकरणाच्या झाकलेल्या आधारात शेवटचे चार आकडे दिसतात. त्यावरून पूर्ण क्रमांक ओळखायचा तर सुमारे ८० लाख शक्यता उरतात, कारण पहिला आकडा ० किंवा १ नसतो आणि शेवटचा बाकीच्यांशी जुळावा लागतो. आता समजा, दुसऱ्या कोणी आपल्या मनाने पहिले चार उघडे ठेवून बाकीचे झाकले. त्याच माणसाचे हे दोन कागद कोणाच्या हाती एकत्र पडले की फक्त मधले चार आकडे उरतात आणि पडताळणीच्या अंकामुळे शक्यता उरतात अवघ्या १,०००. दोन्ही कागद वेगवेगळे पाहिले तर निर्दोष आहेत! त्यात २०१८ पूर्वीच्या कार्डांवरच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण क्रमांक असे. झेरॉक्सवर काळ्या पेनाने आकडे खोडून शेजारचा जुना क्यूआर तसाच ठेवला, तर खोडण्याचे श्रम वाया गेले.

तेव्हा ज्या संस्थेला पूर्ण क्रमांक बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे, तिने तो एकदाच, अचूक, पडताळून, कुलूपबंद साठ्यात नोंदवावा आणि रोजच्या फायलींत त्याऐवजी संदर्भ क्रमांक वापरावा. प्राधिकरणाने २०१७ पासून अशाच आधार तिजोरीची सक्ती केली आहे. त्या तिजोरीबाहेर पडणारी प्रत्येक यादी, पावती, झेरॉक्स मात्र झाकलेली हवी, आणि झाकायचे ते नेहमी पहिले आठच. भाडेकरूचे कागद मागणाऱ्या सोसायटीला किंवा खोली देणाऱ्या लॉजला बारा आकड्यांची गरजच नसते. तिथे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवलेले झाकलेले आधार द्यावे, आणि काउंटरवरचा माणूस ‘पूर्ण हवे’ म्हणाला तर कोणत्या नियमाखाली, हे त्याच्याकडून लेखी मागावे.