पहिल्या पॅनेलचे शंभर तास

करंज्यांच्या पहिल्या ताटाला जेवढा वेळ लागला तेवढाच शेवटच्या ताटालाही लागेल, असे धरून दिवाळीच्या फराळाचा बेत कोणी करीत नाही. हात बसला की काम झरझर होते, हे घरात सर्वांना ठाऊक असते. कारखान्यात हेच ज्ञान पैशांत मोजावे लागते आणि तिथे ते हटकून चुकते. माझी नोकरीची बहुतेक वर्षे भोसरीच्या एका लहान कारखान्यात कोटेशने तयार करण्यात गेली. त्यामुळे या चुका दुसऱ्यांच्या म्हणून सांगण्याची सोय मला नाही.

आम्ही विजेची कंट्रोल पॅनेल बनवत असू. पत्र्याचे कपाट बाहेरून तयार होऊन यायचे. आत रिले आणि टर्मिनल बसवून शेकडो वायरी जोडण्याचे काम आमचे. एका गिऱ्हाइकाला अगदी नव्या धाटणीची १६ पॅनेल हवी होती. त्यांतले पहिले नमुन्यादाखल आमच्या चार वायरमननी केले. त्याला चौघांचे मिळून १०० तास लागले. आता सोळांची मजुरी किती धरायची? १,६०० तास धरले तर दर एवढा चढतो की ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. मालक म्हणाले, "अहो, पोरं शिकतील की!" बरोबरच होते. प्रश्न एवढाच होता की किती शिकतील.

याचे उत्तर १९३६ साली थिओडोर राइट या अमेरिकन विमान-इंजिनिअरने एका लेखात दिले होते. (विमान उडवणाऱ्या राइट बंधूंशी यांचा संबंध नाही.) त्यांना असे दिसले की विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची सरासरी मजुरी आधीच्या ८० टक्क्यांवर येते. एकाची दोन, दोनांची चार, चारांची आठ झाली की दर वेळी तेवढीच घट. म्हणजे सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे सावकाश. एकाची दोन व्हायला एकच विमान पुरते, शंभराची दोनशे व्हायला आणखी शंभर लागतात. तेजीमंदीच्या आलेखापेक्षा ही रेघ मला नेहमीच प्रामाणिक वाटत आली आहे.

आमच्या जुन्या कामांच्या वहीतही पॅनेलांची संख्या दुप्पट झाली की तास ८० टक्क्यांवर येत होते. मी राइटसाहेबांचे सूत्र लावले. सोळा म्हणजे चार वेळा दुप्पट, तेव्हा सरासरी आली ४१ तास आणि एकूण सुमारे ६५५ तास. त्यावर कोटेशन गेले, ऑर्डर मिळाली, पेढे वाटले.

काम संपले तेव्हा तास भरले ८९० च्या आसपास. पोरांनी कामचुकारपणा केला नव्हता. चूक माझी होती आणि ती एका शब्दाची होती. राइट यांचे ८० टक्के हे सरासरीचे आहेत. पहिल्याला १०० तास आणि दोघांची सरासरी ८०, म्हणजे दुसरे पॅनेल ६० तासांत व्हायला हवे. आमच्या वहीतले ८० टक्के मात्र त्या-त्या पॅनेलचे होते. दुसऱ्यालाच ८० तास, चौथ्याला ६४, आठव्याला ५१, सोळाव्याला ४१. अशा सोळा आकड्यांची बेरीज ८९२ होते. टक्केवारी तीच, अर्थ दोन आणि फरक २३७ तासांचा. चार माणसांची साडेसात दिवसांची मजुरी आम्ही पदरची घातली. तेव्हापासून कोणी मला "आमचा कर्व्ह ८० टक्क्यांचा आहे" असे सांगितले की मी आधी विचारतो, सरासरीचा की नगाचा?

पण ही चूक कागदावरची होती, एकदा ठेच लागली की पुन्हा होत नाही. दुसरी चूक कागदावर दिसतच नाही.

सहा महिन्यांनी त्याच गिऱ्हाइकाची तशीच आणखी १६ पॅनेलांची ऑर्डर आली. आता मी शहाणा झालो होतो. सतराव्याला ४० तास, बत्तिसाव्याला ३३, एकूण ५७६ तास. हिशेब अचूक होता. प्रत्यक्षात सतरावे पॅनेल झाले ७० तासांत. मी खाली शॉपमध्ये गेलो तर बाकावर चार अनोळखी चेहरे. आधीची चौघे ठेकेदाराची माणसे होती. काम संपताच त्यांना निरोप मिळाला होता आणि ठेकेदाराने नवी धाडली होती.

मग मी आणि आमचे फोरमनकाका एका संध्याकाळी हिशेब मांडत बसलो की पहिल्या वेळी शिकले कोण आणि काय. काही शिक्षण कारखान्याचे झाले होते. ड्रॉइंगमधल्या चुका दुरुस्त झाल्या होत्या, वायरींच्या मापांचा फळा तयार होता, वायरींच्या टोकांचे क्रमांक आधीच छापून ठेवले जात होते. ते सगळे कारखान्यातच राहिले, म्हणून सतराव्याला पुन्हा १०० तास लागले नाहीत. पण कोणती वायर आधी ओढली म्हणजे नंतर हात अडत नाही, कुठल्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर तिरका धरायचा, हे कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हते. ते चौघांच्या हातांत होते आणि त्यांच्याबरोबर घरी गेले.

अशा वेळी आकडा काढायची रीत सोपी आहे. आधीच्या यादीत ७० तास कितव्या पॅनेलला लागले होते ते पाहायचे. आमच्या यादीत ते तिसरे होते. म्हणजे आपण सतराव्यावर नसून पुन्हा तिसऱ्यावर उभे आहोत असे समजून पुढची सोळा मोजायची. बेरीज येते सुमारे ७९२. मी कळवलेल्या ५७६ पेक्षा २१६ तास जास्त.

आम्हीच तेवढे अडाणी नव्हतो. अमेरिकेत लॉकहीड कंपनीने ट्रायस्टार हे मोठे प्रवासी विमान काढले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर मागणी घटली, उत्पादन मंदावले, माणसे कमी झाली आणि दर विमानामागचे तास कमी होण्याऐवजी वाढले. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्या आकड्यांचा अभ्यास केला आणि कारखाने शिकलेले विसरतातही, असे दाखवले. एकूण २५० विमाने झाल्यावर ते काम बंद झाले.

मला पटत नाही ते इथे. कारखानदार कोटेशन करताना शिकलेल्या हातांचा दर लावतात आणि मजुरी वाचवायला तेच हात दर काही महिन्यांनी बदलतात. दोन्ही बचती एकाच कागदावर मांडता येत नाहीत. ठेकेदाराकडून माणूस तासाला स्वस्त पडतो हे खरे, पण तास किती लागतील हा आकडा ठेकेदाराच्या बिलात नसतो. तो वेळपत्रकात असतो, आणि वेळपत्रकेही पुष्कळदा कोटेशनमधला आकडा पाहूनच भरलेली असतात. म्हणून प्रत्येक पॅनेलचे तास वेगळे लिहावेत आणि चुकलेले काम पुन्हा करायचे तासही त्याच पॅनेलच्या नावावर टाकावेत. नाहीतर ते 'इतर' या रकान्यात जातात आणि रेघ कागदावर सुरेख उतरत राहते. शिवाय रेघ लावायची ती हातकामालाच. भट्टीत रंग वाळायला लागणारा वेळ सोळाव्या कपाटालाही पहिल्याइतकाच लागतो.

तिसऱ्यांदा त्याच पॅनेलांची चौकशी आली तेव्हा मी मालकांपुढे दोन कोटेशने ठेवली. एकावर लिहिले होते, 'जुने वायरमन', दुसऱ्यावर, 'नवे वायरमन'. मालक बराच वेळ दोन्ही कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "पहिल्या खेपेच्या चौघांतले कोण कुठे आहेत, काही पत्ता?" फोरमनकाकांना दोघांचा पत्ता ठाऊक होता. एक चाकणला होता. दुसरा शेजारच्याच गाळ्यात, तसलीच पॅनेल जोडत बसला होता.