पृथक्करण झाले, म्हणजे नेमके काय झाले?

एक पुस्तिका तीन भाषांत छापली की तिन्ही भाषांच्या कामगारांना एकच गोष्ट सांगितली गेली, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक आम्हांला मान्य नाही. हजीऱ्यासारख्या ठिकाणी तर ते जिवावर बेतणारे आहे.

तापीच्या मुखाशी असलेल्या या पट्ट्यात खताचे, पोलादाचे आणि नैसर्गिक वायूचे प्रचंड कारखाने आहेत. समुद्रातून येणाऱ्या वायूतला विषारी हायड्रोजन सल्फाइड येथेच वेगळा काढला जातो. सुरतेच्या परिसरात खानदेशातून गेलेला मराठी कामगार मोठ्या संख्येने आहे. त्याच्या खांद्याला खांदा लावून गुजराती आणि हिंदी भाषक काम करतात. म्हणून प्रशिक्षणाची पुस्तिका तीन भाषांत हवी, याबद्दल वाद नाही. वाद तिच्या शब्दांबद्दल आहे.

टाकीत उतरण्याचा धडा घेऊ. त्यात दोन कृती अगदी वेगळ्या आहेत. पहिली, टाकीला येऊन मिळणाऱ्या सर्व पाइपलाइन तोडणे: व्हॉल्व्ह बंद करायचा, त्यापुढे जोडात लोखंडी चकती, म्हणजे ब्लाइंड, बसवायची आणि वर कुलूप घालायचे. हे आयसोलेशन. दुसरी कृती, आतल्या हवेची चाचणी: प्राणवायू पुरेसा आहे का, विषारी किंवा पेट घेणारा वायू आहे का. हिंदीत पहिल्या कृतीला ‘पृथक्करण’ म्हणता येते आणि ते चूक नाही. तेथे त्याचा अर्थ वेगळे करणे. मराठीत मात्र मातीचे पृथक्करण, पाण्याचे पृथक्करण म्हणजे त्यातले घटक तपासणे. गुजरातीतही रासायणिक पृथक्करण म्हणजे तपासणीच.

आता हिंदी मसुद्यावरून मराठी मसुदा तयार झाला, तर काय होईल? लिपी एकच, शब्द ओळखीचा, म्हणून तो जसाच्या तसा उचलला जाईल. ‘पृथक्करण पूर्ण झाल्यावर आत प्रवेशाची तयारी करावी.’ हिंदी वाचक समजेल, लाइन तोडल्या. मराठी वाचक समजेल, हवा तपासून झाली. नायट्रोजनने भरलेल्या टाकीला वास नसतो. आत वाकणाऱ्याला सावध करणारे काहीच नसते. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 36 ने अशा जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून दिलेला लेखी दाखला मागितला, तो याचसाठी. ती चाचणी येथे एका शब्दाने गिळून टाकली.

यावर उपाय म्हणून अनुवादकाच्या हाती जाडजूड कोश देतात. त्याने काम भागत नाही, कारण कोश शब्दापासून सुरू होतो आणि आपल्याला कृतीपासून सुरुवात करायची आहे. सामाईक परिभाषा सूचीत प्रत्येक नोंद एका कृतीची किंवा वस्तूची असावी: क्रमांक, एका वाक्यात व्याख्या, शक्यतो चित्र, मग तिन्ही भाषांत एकेकच शब्द. आणि शेवटी, बहुतेक सूच्यांत नसलेला रकाना: वर्ज्य शब्द. वरील नोंद आम्ही अशी करू. तिन्ही भाषांत ‘आयसोलेशन’. चाचणीच्या नोंदीत मराठीत ‘गॅस तपासणी’, हिंदीत ‘गॅस जाँच’, गुजरातीत ‘गॅस तपास’. ‘पृथक्करण’ तिन्हीकडे वर्ज्य. ‘विलगीकरण’ही वर्ज्य, कारण कोविडनंतर त्या शब्दाने मनात रुग्णच उभा राहतो.

मराठीचा कैवार घेणाऱ्यांनी ‘आयसोलेशन’ स्वीकारावे, याने काही मित्र दुखावतील. परंतु जो शब्द कामगाराच्या तोंडी आधीच आहे, त्याला हुसकून संस्कृत शब्द बसवणे ही भाषेची सेवा नव्हे. व्याख्या मात्र शुद्ध, स्वच्छ मराठीतच हवी; तेथे आम्ही तसूभरही मागे हटणार नाही.

सूची केली की काम संपले, असेही नाही. छपाईपूर्वी प्रत्येक वर्ज्य शब्द मसुद्यात शोधावा लागतो, आणि मराठीत शब्द रूप बदलतो: ‘खटका’ शोधला तर ‘खटक्याला’ सापडत नाही, ‘खटक’ एवढेच शोधावे लागते. ‘व्हॉल्व्ह’, ‘वॉल्व’, ‘वाल्व’ ही तर तीन वेगळी लेखने. खरी परीक्षा त्यानंतरची. तिन्ही भाषांच्या एकेका कामगाराला वाक्य वाचायला द्यावे आणि विचारावे, आता तू हाताने काय करशील? उत्तरे वेगळी आली, तर दोष नोंदीचा.

हे अशक्य आहे, असे आम्हांला कोणी सांगू नये. याच गुजरातेत, बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांच्या राज्याने 1931 मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश काढला. त्यात गुजराती आणि मराठीसह आठ भाषा होत्या. कचेरीच्या कागदांसाठी जे झाले, ते टाकीच्या तोंडाशी उभ्या माणसासाठी का होऊ नये?

त्याच अधिनियमाच्या कलम 108 ने कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितल्या. हजीऱ्यातला मराठी माणूस त्या बहुसंख्येत बसेलच असे नाही. म्हणून आमची मागणी पुस्तिकेपुरती आणि नेमकी आहे: सूची पहिल्या पानांवर छापा, तिन्ही रकाने भरल्याशिवाय नवा शब्द आत घेऊ नका, आणि मराठी रकान्याखाली हिंदी अनुवादकाची नव्हे, त्या टाकीत उतरलेल्या मराठी फिटरची सही घ्या.