नाबादचा हिशेब

दादरच्या एका बाईंचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा शाळेच्या संघातून सलामीला जातो. हंगामात तो आठ डाव खेळला, आठही वेळा बाद झाला आणि त्याच्या धावा झाल्या २४०. म्हणजे सरासरी ३०. पण फलंदाजीचे बक्षीस गेले सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या मुलाला! त्यानेही आठच डाव खेळले आणि धावा केल्या अवघ्या १६०. मात्र तो चार वेळा नाबाद राहिला, म्हणून त्याची सरासरी ४० धरली. बाई विचारतात, "ऐंशी धावा कमी करणारा मुलगा वरचढ कसा? हे कुठले गणित?"

गणित साधे आहे. क्रिकेटमध्ये सरासरी काढताना एकूण धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत. जितक्या वेळा फलंदाज बाद झाला, तितक्याने भागतात. नाबाद खेळीच्या धावा वर जमा होतात, पण खाली भाजकात तिला जागा नाही. म्हणून १६० ला आठाने न भागता चाराने भागायचे.

हा नियम का, ते पाहायला पुण्यात जाऊ. डिसेंबर १९४८ मध्ये तिथे महाराष्ट्राचा सामना काठेवाडशी चालू होता आणि भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर खेळत होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा त्या वेळचा विक्रम हाताच्या अंतरावर होता. तेवढ्यात काठेवाडने सामनाच सोडून दिला आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले. आता हा डाव 'पुरा' धरला, तर त्यांची मजल ४४३ पर्यंतच होती असे म्हटल्यासारखे होईल. त्यांना कोणी बाद केले नव्हते, समोरचा संघच निघून गेला होता. अर्धवट राहिलेल्या खेळीला पुरी म्हणणे हा अन्याय, आणि तो टाळण्यासाठी भाजकातून नाबाद खेळी वगळली आहे.

पण वगळली म्हणजे नेमके काय केले? इथे मी शिवणकामाची उपमा देतो. नाबाद डाव म्हणजे अर्धे राहिलेले कापड. सरासरी काढणारा ते फेकत नाही, पुढच्या डावाला जोडून टाकतो. त्या सहाव्या क्रमांकाच्या मुलाचे डाव ओळीने घ्या: १२, ३१ नाबाद, ०, २२ नाबाद, ४५, ९ नाबाद, २८, १३ नाबाद. पहिला डाव १२ चा, तो पुरा झाला. मग ३१ ला पुढचे शून्य जोडले, झाले ३१. २२ ला ४५ जोडले, झाले ६७. नवाला २८ जोडले, झाले ३७. असे चार पुरे डाव झाले, त्यांची बेरीज १४७. शेवटचे १३ तसेच लोंबकळत राहिले, कारण पुढे हंगामच संपला. तेही जमेस धरले की १६०. चाराने भागले की चाळीस. बाईंना खुपणारे चाळीस ते हेच.

आता खरा प्रश्न शिवणीचा आहे. ३१ वर नाबाद असलेला मुलगा आणि पुढच्या सामन्यात शून्यापासून सुरुवात करणारा तोच मुलगा, हे दोघे सारखे आहेत का? सारखे असते, तर शिवण बेमालूम बसली असती आणि आकडा अगदी खरा ठरला असता. पण खेळपट्टीवर उतरलेल्या फलंदाजाची नजर पहिल्या काही षटकांत बसलेली नसते, आणि बहुतेक फलंदाज तेव्हाच सहज सापडतात. ३१ वर नजर बसली होती. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा कोऱ्या पाटीने उभे राहावे लागले आणि तो शून्यावर गेला. म्हणजे नाबाद राहिल्याने फलंदाजाचा नेहमी फायदाच होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. नजर बसलेली असताना अर्ध्यावर थांबावे लागण्यात त्याचा तोटाही असतो.

मग फसगत कुठे होते? जिथे भाजक अगदी लहान असतो तिथे. याचे नामांकित उदाहरण बिल जॉन्स्टनचे. हा ऑस्ट्रेलियाचा डावखुरा गोलंदाज, फलंदाजीला सर्वांत शेवटी येणारा. १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात तो १७ डाव खेळला, त्यांपैकी १६ वेळा नाबाद राहिला आणि एकूण धावा केल्या १०२. बाद फक्त एकदा, म्हणून सरासरी १०२! त्याच दौऱ्यात नील हार्वेने दोन हजारांहून अधिक धावा काढल्या, पण सरासरीच्या तक्त्यात तो जॉन्स्टनच्या खाली! जॉन्स्टन बाद होत नाही हे ध्यानात आल्यावर कर्णधार हॅसेट आणि मंडळींनी थट्टेने त्याला नाबाद ठेवण्याची खटपटही केली. जॉन्स्टन आणखी एकदा बाद झाला असता तर सरासरी ५१ झाली असती, आणखी दोनदा झाला असता तर ३४. एका चेंडूने निम्म्यावर येणारा आकडा फलंदाजाविषयी फारसे काही सांगत नाही.

याच्या उलट ब्रॅडमनचे बघा. कसोटीत ८० डाव, १० वेळा नाबाद, ६९९६ धावा. भाजक ७०, सरासरी ९९.९४. १९४८ साली ओव्हलवर, शेवटच्या डावात हॉलीजने त्याला शून्यावर त्रिफळाबाद केले, आणि चार धावांनी शंभराची सरासरी हुकली ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण तो आणखी एकदा शून्यावर बाद झाला असता, तरी सरासरी ९८.५४ च राहिली असती. सत्तर वेळा बाद झालेल्या माणसाचा आकडा एका चेंडूने हलत नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. त्या सहाव्या क्रमांकाच्या मुलाचा भाजक चार आहे, म्हणजे ब्रॅडमनपेक्षा जॉन्स्टनच्या जवळचा. तो आणखी एकदा बाद झाला असता तर सरासरी ३२, तरीही तो पुढेच. आणखी दोनदा झाला असता तर २६.६७, आणि बक्षीस बाईंच्या घरी. इतक्या पातळ फरकावर निकाल टांगायचा नसतो. शिवाय दोघांचे काम वेगळे. सलामीचा मुलगा नव्या चेंडूला तोंड देतो आणि त्याला पूर्ण डाव मोकळा असतो. सहावा येतो तेव्हा डाव संपत आलेला असतो, आणि नाबाद राहणे हे पुष्कळदा जोडीदार संपल्यामुळेही घडते. जास्त धावा कोणी केल्या असे विचारले, तर उत्तर सलामीचा. एक बळी मिळवायला प्रतिपक्षाला किती धावा मोजाव्या लागल्या असे विचारले, तर उत्तर सहावा. सरासरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. बक्षीस कशाचे, हे हंगामाआधी ठरवायला हवे होते.

बाईंनी मुलाला एवढे सांगावे, की पुढल्या हंगामात शाळेच्या फलकावर तक्ता लागला की सरासरीच्या रकान्याआधी 'डाव' आणि 'नाबाद' हे दोन रकाने वाचायचे. पहिल्यातून दुसरा वजा करून उरलेला आकडा वीस-पंचवीसच्या खाली असेल, तर सरासरीतल्या दशांशाच्या जागांवर वाद घालण्यात अर्थ नाही.