फराळाची थाळी आणि परताव्याची भाषा

गेल्या एकादशीस आमच्या शेजारच्या काकूंनी फोनवरून फराळाची थाळी मागविली. तीत वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी यथास्थित होती, परंतु बटाट्याच्या भाजीत कांदा निघाला, आणि तक्रार ऐकणारा मदतनीस केवळ इंग्रजी जाणणारा असल्यामुळे दुभाष्याचे काम माझ्याकडे आले.

काकूंची कैफियत एका वाक्याची होती : "फराळाचं मागवलं होतं, भाजीत कांदा आहे, कुणी हात लावला नाही." घाईत मी 'फराळ' या शब्दासाठी 'स्नॅक्स' हा शब्द योजिला, आणि तत्काळ उत्तर आले की कांदा हा पाककृतीचा भाग असून आवडीनिवडीच्या कारणास्तव परतावा देता येत नाही. मदतनीसाचा त्यात दोष नव्हता. दिवाळीचा फराळ आणि एकादशीचा फराळ यांतील भेद मराठी माणसास प्रसंगावरून कळतो. इंग्रजी वाचणाऱ्यास तो शब्दांनीच सांगावा लागतो. म्हणून मी पुन्हा लिहिले की ही थाळी उपवासाची म्हणून विकलेली आहे, उपवासास कांदा वर्ज्य आहे, सबब मागविलेला पदार्थ मिळालेलाच नाही. माझ्या मते ही पदरची भर नव्हे. मूळ शब्दात जे गृहीत होते तेच उघड करून मांडणे होय. 'थाळी खराब होती' असे लिहिले असते तर ती मात्र भर ठरली असती, कारण काकू तसे म्हणाल्या नव्हत्या. या मजकुराने तक्रार चवीच्या सदरातून निघून चुकीच्या पदार्थाच्या सदरात गेली आणि 260 रुपयांचा परतावा मंजूर झाला.

पुढचे वाक्य अधिक नाजूक होते. मदतनीसाने लिहिले की रिफंड 'इनिशिएटेड' आहे. याचे 'पैसे परत केले' असे मराठी करण्याचा मोह होतो. पण तसे केले असते तर काकूंनी त्याच संध्याकाळी पासबुक पाहिले असते आणि रक्कम न दिसल्याने आपणास फसविले अशी त्यांची खात्री झाली असती. मी त्यांना सांगितले, "पैसे परत पाठवायची कारवाई सुरू केली आहे, अजून खात्यात जमा झालेले नाहीत."

"कूपन नको म्हणावं," काकू म्हणाल्या. त्यांनी रक्कम यूपीआयने भरली होती. म्हणून ती त्याच खात्यात रुजू व्हावी, आणि बँकेकडे रवाना होताच व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक कळवावा, असे मी लिहिले, कारण रक्कम न आल्यास बँकेत दाखविण्यास तोच दाखला उपयोगी पडतो. क्रमांक दुसऱ्या दिवशी दुपारी आला. काकूंनी तो किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला.

— दुभाषी