सोड्याचं पाणी कुठवर पोचतं?

भरवेलीच्या बाजारातून पालक, मेथी, सांभार घरी आलं की हल्ली ते आधी मिठाच्या, व्हिनेगरच्या नाहीतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडतं. फवारणीच्या औषधाची भीती खोटी नाही. पण या तिन्हींचं काम सारखं नाही.

सोड्याबद्दलचा भक्कम पुरावा २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून आला. सफरचंदांवर थायबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक लावून ती एक दिवस तशीच ठेवली. मग लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे सोडा घालून त्यात ती धुतली. १२ ते १५ मिनिटांत सालीवरचं औषध निघालं. नुसतं पाणी मागे पडलं. ही दोन्ही औषधं क्षारात मोडतात, म्हणून हे जमलं. पण एका दिवसात थायबेंडाझोलचा पाचवा हिस्सा सालीत मुरला होता. तिथे सोडा पोचला नाही.

व्हिनेगर आम्ल आहे, आणि फॉस्मेटच्या जातीची बरीच औषधं आम्लात उलट जास्त टिकतात. मीठही औषध मोडत नाही. भिजवणं आणि चोळणं यांचाच त्यात मोठा वाटा. नुसत्या नळाचं पाणीही कमी समजू नका. अमेरिकेतल्याच कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्रात पाण्याच्या धारेखाली धुतल्यावर १२ पैकी ९ औषधांचे अंश कमी झाले होते. औषध पाण्यात किती विरघळतं, यावर ते अवलंबून नव्हतं. धारेनं आणि चोळण्यानं ते निघतं.

मात्र जे झाड स्वतःच शोषून घेतं, त्याला धुणं लागू पडत नाही. २०१० साली महाराष्ट्राच्या द्राक्षांनी हे दाखवलं. वेलीची वाढ रोखायला बागायतदार वापरत असलेल्या ‘सीसीसी’ म्हणजे क्लोरमेक्वाटचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि माल अडकला. शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. ते रसायन वेलीतून मण्यांत उतरलेलं होतं, सालीवर बसलेलं नव्हतं. ते कोणत्या पाण्यानं धुणार?

पालेभाजीचं दुखणं वेगळं. ती थोड्या दिवसांत तयार होते, म्हणून फवारणी आणि तोडणी यांतलं अंतर कमी पडतं. औषधाच्या डब्यावर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. खरी सुरक्षितता त्या दिवसांत आहे, आपल्या पातेल्यात नाही.

तेव्हा पालेभाजीची जुडी मोकळी करा, मुळं आणि बाहेरची पानं काढा, पानं सुटी करून वाहत्या पाण्यात चोळून धुवा. सफरचंद, पेरू यांना सोड्याचं पाणी द्या, मग साध्या पाण्यानं धुवा. आणि ओळखीच्या भाजीवाल्याला, ‘दवाई मारून किती दिवस झाले?’ असं दर वेळी विचारा.