नुसतं कापायचंय? मग एक्स्पोर्ट करू नका!



आज माझं एक ठाम मत सांगतो. रेकॉर्डिंगचा पुढचा-मागचा भाग काढायचा असेल किंवा एका लांब व्हिडिओचे दोन-तीन भाग करायचे असतील, तर एडिटिंग सॉफ्टवेअर उघडून एक्स्पोर्ट मारणं म्हणजे वेळ आणि क्वालिटी दोन्ही वाया घालवणं आहे.

असं का म्हणतो? तुम्ही एक्स्पोर्ट दाबता तेव्हा सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम उलगडतं आणि पुन्हा नव्याने दाबून बसवतं. जुन्या लॅपटॉपवर याला तासभर सहज लागतो आणि प्रत्येक वेळी चित्र थोडं उतरतं. यूट्यूब आपल्याकडून पुन्हा एकदा तेच करतं. चेहरा दिसत असेल तर फारसं जाणवणार नाही, पण तुम्ही एक्सेलमध्ये बिल बनवायला शिकवत असाल, तर सेलमधले बारीक आकडे धूसर होतात. आणि विद्यार्थ्याने पैसे तर ते आकडे बघायलाच भरलेत!

दुसरा मार्ग म्हणजे आहे तो डेटा जसाच्या तसा कॉपी करणं. काहीच नव्याने बनत नाही, म्हणून क्वालिटी तीच राहते आणि फाइल कॉपी करायला लागतो तेवढाच वेळ लागतो. यासाठी LosslessCut हे सॉफ्टवेअर आहे. गिटहबवर ते मोफत मिळतं.

उदाहरण घेऊ. तुमच्याकडे १ तास २० मिनिटांचा क्लास आहे, फाइल ३.६ जीबीची. पहिली चार मिनिटं "आवाज येतोय का?" मध्ये गेलीत. फाइल LosslessCut मध्ये ओढून टाका. जिथून सुरू करायचं तिथे `I` दाबा, जिथे संपवायचं तिथे `O` दाबा. पुढच्या भागासाठी + वर क्लिक करून हेच पुन्हा करा. मग Export. २७ मिनिटांचा भाग साधारण १.२ जीबीचा निघेल, म्हणजे मिनिटांच्या प्रमाणातच. साइज प्रमाणात आली आणि काम काही सेकंदांत झालं, की समजा खरंच कॉपी झालीय.

कमांड चालवायची सवय असेल तर एफएफएमपेगमध्ये हेच एका ओळीत होतं:

```
ffmpeg -ss 00:04:10 -to 00:31:10 -i class.mp4 -c copy bhag1.mp4
```

यात `-c copy` हे सगळ्यात महत्त्वाचं. ते विसरलात तर पुन्हा एक्स्पोर्टच होणार.

आता खरी अडचण. तुम्ही ४:१० ला कापलंत, पण व्हिडिओ ४:०५ पासून सुरू झाला, असं होऊ शकतं. याचं कारण खतावणीसारखं आहे. व्हिडिओत पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त "काय बदललं" याच्या नोंदी असतात. ओपनिंग बॅलन्सशिवाय खातं मधूनच सुरू करता येत नाही, तसंच इथे. म्हणून सुरुवात मागच्या कीफ्रेमवर सरकते. शेवटाला हा त्रास जवळपास नसतो.

यावर उपाय रेकॉर्डिंगच्या आधीच करा. ओबीएसमध्ये आउटपुटच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये Keyframe Interval २ सेकंद ठेवा. मग सुरुवात फार तर दोन सेकंद सरकेल. बोलताना प्रत्येक नव्या विषयाआधी तीन-चार सेकंद गप्प राहा, त्या शांततेत काप बसतो आणि कुणाला कळतही नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहा. कधी कधी प्लेअर ४:१० पासूनच दाखवतो, पण कीफ्रेमपासूनच्या आधीच्या फ्रेम फाइलमध्ये लपून राहिलेल्या असतात. दुसऱ्या प्लेअरमध्ये त्या दिसू शकतात. त्यामुळे कापलेल्या जागेच्या जवळ बँकेचा बॅलन्स किंवा ग्राहकाचा मोबाइल नंबर स्क्रीनवर होता, तर या पद्धतीवर विसंबू नका. त्याच्या बरंच पुढे, पुढची कीफ्रेम गेल्यावर कापा, नाहीतर तेवढा व्हिडिओ सरळ एक्स्पोर्ट करा.

लोगो, टायटल, उजेड सुधारणं यापैकी काहीही करायचं असेल तर एक्स्पोर्टला पर्याय नाही, कारण तिथे चित्रच बदलतं. पण मी बघतो त्यात नव्या लोकांचं बरंचसं काम नुसतं कापण्याचंच असतं. त्यासाठी रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायची किंवा एडिटरला पैसे द्यायची काहीच गरज नाही.

कापलेल्या प्रत्येक भागाची पहिली दहा सेकंदं मोबाइलवर आणि लॅपटॉपवर, दोन्हीकडे बघा. चित्र अडकून फक्त आवाज येत असेल, तर सुरुवात मागच्या कीफ्रेमवर न्या आणि पुन्हा कापा. दोन्हीकडे नीट चाललं, की मगच मूळ रेकॉर्डिंग डिलीट करा.