विश्लेषण : ‘डेटा इज’ की ‘डेटा आर’? इंग्रजीतल्या फसव्या एकवचन-अनेकवचनांचा हिशेब कसा लावायचा?

इंग्रजीत अनेकवचन करायचे म्हणजे शेवटी ‘एस’ लावायचा, हे आपण पाचवीतच शिकतो. ‘न्यूज’च्या शेवटी मात्र ‘एस’ असूनही तो शब्द एकवचनी. ‘पीपल’ला ‘एस’ नाही आणि तो अनेकवचनी. ‘क्रायटेरिया’ दिसतो एकवचनी, पण आहे अनेकवचनी. ‘डेटा’ कोणत्या बाजूचा, यावर इंग्रजी दैनिके आणि विज्ञानपत्रिका यांच्यातच एकमत नाही. रोज इंग्रजी प्रसिद्धिपत्रकांवरून मराठी बातम्या करणाऱ्यांना या चार शब्दांकडे केवळ व्याकरणाची गंमत म्हणून पाहता येत नाही. क्रियापद चुकले की कधी कधी अर्थच बदलतो.

हे सगळे अपवाद म्हणून पाठ करावे लागतात, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एकच प्रश्न पुरतो : बोलणारा ती गोष्ट मोजतो आहे की मापतो आहे? आंबे मोजतात, दूध मापतात. शब्दाचे मूळ किंवा शेवटचे अक्षर यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर क्रियापदाला जास्त कळते.

‘डेटा’वर दोन मते का?

‘डेटा’ मूळचा लॅटिन. ‘देणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘डेटम’ म्हणजे दिलेली गोष्ट आणि ‘डेटा’ म्हणजे दिलेल्या गोष्टी. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो अनेकवचन म्हणूनच. एकेक निरीक्षण वहीत टिपले जात होते, तोवर ‘हे डेटा’ म्हणणे स्वाभाविक होते. पुढे माहितीचे ढीग झाले, ती यंत्रांत साठू लागली आणि एकेका नोंदीपेक्षा ढिगाकडे पाहणे सुरू झाले. शब्द तोच राहिला, पण तो मोजण्याच्या रांगेतून मापण्याच्या रांगेत गेला.

त्याचा पुरावा आपल्या मोबाइलमध्येच आहे. रोज दीड जीबी डेटा मिळतो आणि दुपारपर्यंत ‘डेटा संपला’. ‘डेटे संपले’ असे कोणी म्हणत नाही. खरे तर सोफ्याचे सोफे करणाऱ्या मराठीला डेट्याचे डेटे करणे अवघड नव्हते. पण मराठीनेही त्याला दूध-साखरेच्या शेजारी बसवले. ‘माहिती’चेही तेच. ती कितीही मिळाली तरी ‘माहित्या’ होत नाहीत.

इंग्रजीतही हीच कसोटी लावून पाहा. ‘मच डेटा’ म्हणतात, ‘मेनी डेटा’ सहसा ऐकू येत नाही. ‘फाइव्ह डेटा’ कोणी म्हणत नाही. पाच सांगायचे तर ‘फाइव्ह डेटा पॉइंट्स’ म्हणावे लागते, जसे पाच दूध न म्हणता पाच लिटर दूध म्हणतो. म्हणूनच ब्रिटनच्या ‘गार्डियन’ची शैलीपुस्तिका ‘डेटा’ला एकवचनी क्रियापद लावायला सांगते. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे ‘एपीए’ची शोधनिबंधांसाठीची शैली मात्र ‘डेटा आर’वर ठाम आहे. त्यामुळे प्रबंध लिहिणाऱ्याने आपल्या विद्यापीठाचा किंवा नियतकालिकाचा नियम पाळावा. इतरांनी बिनधास्त ‘डेटा इज’ लिहावे. लॅटिनचा दाखला देऊन दुरुस्ती करणाऱ्यांना ‘अजेंडा’ची आठवण करून द्यावी. तोही लॅटिन अनेकवचनच आहे, पण आज ‘अजेंडा आर’ कोणी म्हणत नाही. उलट त्याचे ‘अजेंडाज’ झाले आहेत.

अभियांत्रिकीवाल्यांसाठी एक उपकथा. यंत्राच्या रेखाचित्रात किंवा जमिनीच्या मोजणीत ज्या संदर्भापासून मापे घेतात, त्याला ‘डेटम’ म्हणतात. असे दोन असले की त्यांचे अनेकवचन ‘डेटा’ होत नाही, ‘डेटम्स’ होते. म्हणजे एकेकाळची एकवचन-अनेकवचनाची ही जोडी आता विभक्त होऊन दोघांनी वेगळे संसार थाटले आहेत.

मग ‘क्रायटेरिया इज’ का नको?

‘क्रायटेरिया’ हा ग्रीक ‘क्रायटेरियन’चा अनेकवचनी अवतार, ‘फिनॉमिनन’चा ‘फिनॉमिना’ होतो तसा. डेटाला जी सवलत मिळाली ती याला का नाही, असा प्रश्न रास्त आहे. बोलण्यात ‘धिस क्रायटेरिया’ सर्रास ऐकू येतो, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांकडूनही. तरीही लेखी मजकुरात तो टाळावा असे वाटते, आणि कारण ग्रीकचा आदर हे नाही. निकष आजही मोजले जातात. ‘थ्री क्रायटेरिया’ अगदी सहज म्हणता येते. ‘दीड जीबी निकष’ कधी होत नाहीत. शब्द मापण्याच्या रांगेत गेलेलाच नसताना त्याला एकवचनी क्रियापद लावले, की एक निकष आहे की अनेक, ही माहितीच पुसली जाते.

उदाहरण घेऊ. समजा, एका शिष्यवृत्तीच्या पत्रकात लिहिले आहे : ‘द क्रायटेरिया इज ॲज फॉलोज’. खाली तीन ओळी आहेत. शेवटच्या परीक्षेत किमान ६० टक्के गुण. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी. राज्यातील रहिवासी. ओळींच्या मध्ये ‘अँड’ नाही, ‘ऑर’ही नाही. आता ५५ टक्के गुण आणि ३ लाख उत्पन्न असलेल्या विद्यार्थिनीने अर्ज करायचा की नाही? हे तीन वेगळे निकष असून तिन्ही पूर्ण करायचे आहेत, की निवडीचा निकष एकच असून त्याचे हे तीन पर्याय आहेत? ‘इज’ वाचून काहीच कळत नाही. ‘आर’ असते तर निदान निकष तीन आहेत एवढे तरी ठरले असते.

‘आर’नेही सगळे भागत नाही, हेही खरे. चांगला पत्रकलेखक ‘ऑल ऑफ द फॉलोइंग क्रायटेरिया’ किंवा ‘एनी वन ऑफ द फॉलोइंग क्रायटेरिया’ असे स्पष्ट लिहितो. यातला दुसरा प्रकार फसवा आहे. ‘वन ऑफ’नंतर अनेकवचन येते, पण क्रियापद ‘वन’चे असते. म्हणून ‘वन ऑफ द क्रायटेरिया इज इन्कम’ हे वाक्य बरोबर आहे. त्यात ‘इज’ दिसला म्हणून खोडायला जाऊ नये.

मराठीत येताना हा गुंता आणखी बारीक होतो. ‘निकष’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच. एक निकष, तीन निकष. संख्या कळते ती क्रियापदावरून : निकष बदलला, निकष बदलले. आणि विभक्ती लागली की सगळा भार एका टिंबावर येतो. ‘निकषाची पूर्तता’ म्हणजे एकाची, ‘निकषांची पूर्तता’ म्हणजे अनेकांची. घाईत तो अनुस्वार सुटला की मूळ पत्रकात नसलेली सवलत आपण वाचकाला देऊन बसतो. त्यामुळे मूळ मजकूर संदिग्ध असेल तर अंदाजाने टिंब देण्याघेण्याऐवजी संबंधित कार्यालयाला फोन करून ‘तिन्ही की कोणतीही एक?’ असे विचारणे, हाच एक मार्ग उरतो.

‘न्यूज’ एक की अनेक?

इथे वाद नाही, फक्त सवय आडवी येते. ‘न्यूज’ म्हणजे मुळात ‘नव्या गोष्टी’, ‘न्यू’चे अनेकवचन. चार दिशांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांपासून तो बनला, ही समाजमाध्यमांवर फिरणारी कथा खरी नाही. काही शतकांपूर्वी ‘दीज न्यूज’ असेही लिहीत. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही प्रकार चालत. आता ‘द न्यूज इज’ एवढेच शुद्ध.

आपली गफलत होते ती ‘बातमी’मुळे. बातमी मोजता येते, तिच्या बातम्या होतात, म्हणून आपण सहज ‘ए न्यूज’ किंवा ‘टू न्यूज’ म्हणून जातो. इंग्रजीत त्यासाठी ‘न्यूज आयटम’ किंवा ‘पीस ऑफ न्यूज’ लागतो. ‘सल्ला’चे सल्ले होतात म्हणून ‘ॲडव्हाइसेस’ आणि केस गळतात म्हणून ‘हेअर्स आर फॉलिंग’, ही त्याच घरातली भावंडे. आयटीतले ‘सॉफ्टवेअर्स’ही त्यातलेच. टपरीवर ‘दोन चहा’ म्हणताना आपण मापायची वस्तू मोजायची करतो, तशी मुभा इंग्रजीही ‘टू कॉफीज’ला देते. ‘ॲडव्हाइस’ला मात्र देत नाही.

‘पीपल’ला ‘एस’ लागला की काय होते?

‘पीपल’ आपल्या ‘लोक’सारखा आहे. ‘लोक म्हणतात’, तसे ‘पीपल से’. ‘जनता म्हणते’ यातली एकवचनी जनता इथे उपयोगाची नाही. ‘पोलीस’चेही तसेच : ‘द पोलीस हॅव अरेस्टेड’. ‘पोलीस हॅज’ हे रोजच्या गुन्हे-पत्रकांत दिसते, पण प्रमाण इंग्रजीत चालत नाही.

अनेकवचनीच असलेल्या ‘पीपल’ला पुन्हा ‘एस’ लावून ‘पीपल्स’ केले, तर चूक वाटते. ती चूक नाही, तो वेगळा शब्दार्थ आहे. ‘ए पीपल’ म्हणजे एक लोकसमूह, ज्याची स्वतःची ओळख आहे. असे अनेक असले की ‘पीपल्स’. संयुक्त राष्ट्रांची १९४५ ची सनद ‘पीपल्स’च्या नावाने सुरू होते, तर आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘पीपल’ आहे, मराठीत ‘आम्ही, भारताचे लोक’. एका अक्षराने ‘अनेक राष्ट्रांतले जनसमूह’ आणि ‘एका देशाचे नागरिक’ हा फरक दाखवला आहे.

या ‘एस’वरून आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रदीर्घ वाद झाला आहे. १९६६ च्या मानवी हक्क करारांनी स्वयंनिर्णयाचा हक्क ‘ऑल पीपल्स’ना दिला. त्यामुळे आदिवासींना ‘पीपल्स’ म्हटले की तो हक्क त्यांनाही मिळतो का, हा प्रश्न सरकारांसमोर उभा राहिला. भारताने १९७९ मध्ये हे करार स्वीकारताना, हा हक्क परकीय सत्तेखालील लोकसमूहांपुरताच आहे, सार्वभौम देशांना किंवा त्यांतील एखाद्या गटाला लागू नाही, असे निवेदन जोडले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५७ च्या करारात आदिवासींसाठी ‘पॉप्युलेशन्स’ हा शब्द होता. भारताने तो करार मान्य केला आहे. १९८९ च्या नव्या करारात ‘पीपल्स’ आला, पण त्याच कराराच्या पहिल्या कलमात, या शब्दाने आंतरराष्ट्रीय कायद्यातले कोणतेही हक्क सूचित होत नाहीत, असा खुलासाही घालावा लागला. हा दुसरा करार भारताने मान्य केलेला नाही.

दरवर्षी ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या बातम्या येतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या इंग्रजी मजकुरात ‘इंडिजिनस पीपल्स’ असते. मराठीत त्याचे ‘मूलनिवासी लोक’ होते आणि तो ‘एस’ गळून जातो, कारण ‘लोक’ला आणखी अनेकवचन करायला जागा नाही. ‘आदिवासी समुदाय’ किंवा ‘लोकसमूह’ लिहिले, तर तो अर्थ टिकतो.